ऑडिशन झाली, आता मेसेज काय करायचा?

कास्टिंग कोऑर्डिनेटरने सकाळी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, की न वाचलेल्या मेसेजची लांबलचक रांग समोर येते. प्रत्येक मेसेजचे पहिले चार-पाच शब्दच त्या रांगेत दिसतात. बहुतेकदा ते असे असतात : ‘हाय सर’, ‘गुड मॉर्निंग सर’, ‘सर काही अपडेट?’, ‘दादा, माझं काय झालं?’ वर नावाऐवजी नुसता नंबर असतो, कारण ऑडिशनला आलेल्या सगळ्यांचे नंबर कोणी सेव्ह करून ठेवत नाही. अपडेट कुठल्या भूमिकेचं, ऑडिशन कधीची, हे कळायला मेसेज उघडून वर सरकवत जावं लागतं. तेवढा वेळ त्याला नसतो. मेसेज तसाच पडून राहतो आणि तिकडे सांगलीत किंवा नाशकात वाट बघणाऱ्याला वाटतं, आपलं काम आवडलं नाही.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. काम आवडलं की नाही हे कोऑर्डिनेटरला बऱ्याचदा माहीतच नसतं. म्हणून त्याला काय विचारायचं आणि काय कळवायचं, हे ठरवण्याआधी ऑडिशनच्या खोलीतून बाहेर पडल्यावर आपल्या व्हिडिओचं पुढे काय होतं, ते बघायला हवं.

मराठी दैनंदिन मालिकेचंच घ्या. अंधेरी-वर्सोव्याच्या आरामनगरातल्या एखाद्या लहानशा खोलीत ऑडिशन होते. आधी इंट्रो घेतात : नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, आधीचं काम, मग दोन्ही बाजूंनी चेहरा, मग हात. त्यानंतर दोन-तीन मिनिटांचा प्रसंग. संध्याकाळी कास्टिंगमधला साहाय्यक फाइलींना नावं देतो आणि त्यातल्या निवडक फाइलींची लिंक निर्मितीसंस्थेच्या क्रिएटिव्ह टीमकडे जाते. तिथे चाळणी होते, दिग्दर्शक बघतो, मग उरलेल्या चार-पाच जणांची नावं चॅनलकडे जातात. चॅनलने मान डोलावली तर लुक टेस्ट. साडी, केस, टिकली, सगळं भूमिकेसारखं करून पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभं करतात. मुख्य कलाकारांसोबत जोडून बघायचं असेल तर मॉक शूट होतं. मग रोजचे पैसे, महिन्याला किमान किती दिवस काम, शिफ्ट किती तासांची, हे बोलणं होतं, करारावर सही होते. तेव्हा कुठे भूमिका ‘लॉक’ झाली असं म्हणतात.

या साखळीत कोऑर्डिनेटर निरोप्या आहे. तो नावं सुचवतो, वेळा जुळवतो, तारखा विचारतो, पैशांचं बोलणं पुढे नेतो. निवड त्याच्या हातात नसते. शिवाय उशीर होण्याचं सगळ्यात मोठं कारण ऑडिशन देणाऱ्याला कधी दिसतच नाही. सासू, वहिनी, दीर, आत्या या भूमिका नायक-नायिका ठरेपर्यंत अडकून राहतात. नायिका नक्की झाली की तिच्या उंचीला, रंगरूपाला, दिसणाऱ्या वयाला जुळणारं घर उभं करतात. ऐनवेळी नायिका बदलली, तर घरातली दोन माणसंही बदलू शकतात. मालिकेची वेळ बदलली, प्रोमोची तारीख पुढे गेली, तरी सगळं थांबतं. अशा वेळी ‘काय झालं?’ या प्रश्नाला ‘कळवतो’ याखेरीज त्याच्याकडे उत्तर नसतं, आणि ते टाळाटाळीचं असतं असंही नाही.

मग मेसेज कशासाठी करायचा? माझ्या मते त्याला कारण दोनच. एक, आपल्याबद्दलची एखादी माहिती बदलली आहे किंवा राहून गेली आहे. दोन, ठरलेली मुदत उलटून गेली आहे आणि आपल्याला तारखांचा निर्णय घ्यायचा आहे. आभार मानायला हरकत नाही, पण ते ऑडिशनच्या खोलीतच मानून झालेले असतात. रोज सकाळी फुलांच्या चित्रासह शुभेच्छा पाठवल्याने मात्र नुकसान होतं. त्या गर्दीत कामाचा मेसेज शोधणं कठीण होतं आणि एक दिवस तो संवाद म्यूट केला जातो.

एक उदाहरण घेऊ. सांगलीची एक अभिनेत्री आहे, वय चौतीस, हौशी आणि प्रायोगिक रंगभूमीवर बरंच काम केलेली. मंगळवारी, 4 तारखेला तिने एका नव्या मालिकेतल्या थोरल्या वहिनीसाठी ऑडिशन दिली. कोऑर्डिनेटर म्हणाला, ‘‘छान झालं ताई, कळवतो.’’ रात्रीच्या गाडीने ती परत गेली. त्या दिवशी तिने काहीच पाठवलं नाही आणि ते बरोबर केलं, कारण इंट्रोत सगळं आलेलं होतं.

शुक्रवारी तिच्या नाटकाच्या तारखा नक्की झाल्या. कोल्हापुरात 21 ते 23, तीन दिवस. त्याच दुपारी तिने मेसेज केला. ऑडिशनचा पत्ता ज्या संवादात आला होता, त्याच संवादात केला, नवा उघडला नाही. सुरुवातीला स्वतःचं पूर्ण नाव, आणि लगेच पुढे : ‘वहिनी, 4 तारखेची ऑडिशन.’ म्हणजे रांगेत दिसणाऱ्या त्या चार-पाच शब्दांतच कोण आणि कशाबद्दल ते आलं. खाली एवढंच :

‘नमस्कार दादा. ऑडिशनच्या वेळी माझ्या सगळ्या तारखा मोकळ्या होत्या. आता 21, 22, 23 या तारखांना कोल्हापूरला नाटकाचे प्रयोग लागले आहेत. बाकी पूर्ण महिना मोकळी आहे. लुक टेस्टसाठी एक दिवस आधी कळवलंत तरी मुंबईत पोचते. उत्तराची घाई नाही, फक्त नोंद असू द्या.’

या मेसेजला उत्तर लागत नाही, हीच त्याची सोय आहे. कोऑर्डिनेटर तो वाचतो आणि यादीत तिच्या नावापुढे तीन तारखांवर फुली मारतो. पुढे निर्मितीसंस्थेतून ‘ही कधी येऊ शकते?’ असं विचारलं, की फोन न करता तो सांगू शकतो. ‘उद्या येते’ म्हणून आदल्या रात्री ‘नाटक आहे, विसरले’ असं सांगणारा कलाकार त्याला सगळ्यात जास्त अडचणीत आणतो, कारण तोवर मेकअपवाला, ड्रेसवाला, कॅमेरा, समोरचा कलाकार असं सगळं तिच्यासाठी लागलेलं असतं.

पुढचा मेसेज 14 तारखेला. मधल्या दहा दिवसांत काहीच कळलं नव्हतं. मालिकेतल्या कायमच्या भूमिकेसाठी आठवडा-दहा दिवस थांबून एकदा विचारणं रास्त आहे. दोन दिवसांच्या पाहुण्या भूमिकेचा निकाल मात्र बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच लागतो, तिथे आठवड्याने विचारण्यात अर्थ नाही. तिने लिहिलं : ‘वहिनीच्या भूमिकेची नावं चॅनलकडे गेली का? माझं त्यात आहे की नाही, एवढं कळलं तर पुढच्या महिन्याच्या तारखांचं बघता येईल.’ ‘माझं काय झालं?’ आणि हा प्रश्न यांत फरक असा, की याचं उत्तर कोऑर्डिनेटरला माहीत असतं आणि ते एका ओळीत देता येतं. त्याने दिलंही : ‘गेलंय ताई, तुमचं आहे. थांबा.’

‘चॅनलकडे गेलंय’ म्हणजे चार-पाच नावांत आपण आहोत. आनंद वाटण्यासारखी गोष्ट आहे. पण त्यावर घरभाडं भरता येत नाही, आणि बाकीच्या चौघींनाही हेच कळवलेलं असतं. 20 तारखेला लुक टेस्ट झाली. ती 22ला ठरत होती; तिच्या तीन तारखा नोंदवलेल्या होत्या म्हणून दोन दिवस अलीकडे घेतली. असं दर वेळी होत नाही. नायिकेची तारीख 22च असती, तर तिच्याशिवाय टेस्ट झाली असती.

संध्याकाळी कोऑर्डिनेटरचा निरोप आला : ‘ताई, 1 तारखेपासून डेट्स ब्लॉक करा.’

इथे बहुतेक नवे कलाकार फसतात. कोणी फसवतं म्हणून नव्हे, तर ‘ब्लॉक’ आणि ‘लॉक’ यांतलं अंतर लक्षात येत नाही म्हणून. तारखा ब्लॉक करायला सांगणं म्हणजे आमच्यासाठी मोकळी राहा, एवढंच. त्यात करार नाही, पैसे नाहीत, भूमिका मिळाल्याचा शब्दही नाही. एकाच भूमिकेसाठी दोघींना ब्लॉक करून ठेवतात, कारण एकीने ऐनवेळी नकार दिला तर शूटिंग अडू नये. निर्मितीसंस्थेच्या बाजूने ते समजण्यासारखं आहे, पण मधले तीन आठवडे हातातलं दुसरं काम सोडण्याचा तोटा एकट्या कलाकाराच्या वाट्याला येतो. म्हणून ब्लॉकचा निरोप आला की त्याच वेळी, नम्रपणे पण लेखी, त्याची मुदत विचारून घ्यायला हवी. तिने लिहिलं :

‘नक्की दादा, 1 तारखेपासून मोकळी राहते. हा ब्लॉक किती तारखेपर्यंत धरू? मला 3 ते 8 एका लघुपटाची विचारणा आहे, त्यांना 26ला उत्तर द्यायचं आहे. आधी तुम्हाला विचारते आहे. 26च्या दुपारपर्यंत इकडचं नक्की झालं तर त्यांना नाही म्हणेन. नाही झालं, तर ते काम घेऊ का, तेवढं सांगा.’

कोऑर्डिनेटरला यात धमकी वाटत नाही. उलट त्याच्या हाती काहीतरी येतं. निर्मितीसंस्थेला फोन करून तो म्हणू शकतो, की या बाईंना दुसरं काम आलंय, 26पर्यंत सांगा. ‘कधी कळेल?’ याला कोणी बधत नाही. समोर दुसऱ्या कामाची खरी तारीख असली, की लोक निर्णय घेतात किंवा घेऊ शकत नाही असं कबूल करतात. अट एकच, दुसरं काम खरं असलं पाहिजे. मराठी मनोरंजनक्षेत्र लहान आहे. लघुपटाचा निर्मितीव्यवस्थापक आणि मालिकेचा कोऑर्डिनेटर यांची ओळख निघायला वेळ लागत नाही, आणि खोटी विचारणा सांगितलेली कळली, की पुढच्या खऱ्या विचारणेवरही विश्वास बसत नाही.

26ला त्याचा फोन आला : ‘‘ताई, त्यांचं नक्की होत नाहीये, अजून आठवडा लागेल. तुम्ही ते घ्या.’’ तिने लघुपट घेतला, आणि त्याच संध्याकाळी लिहून कळवलं, की 3 ते 8 आता नाही, 9पासून पुन्हा मोकळी. फोनवर झालेलं बोलणं असं दोन ओळींत लिहून टाकणं फार गरजेचं असतं. कोऑर्डिनेटर दिवसात अनेकांशी बोलतो, आणि आठ दिवसांनी ‘तुम्ही तर मोकळ्या होतात ना?’ असा गैरसमज होतो तो इथेच.

तिला ती भूमिका मिळाली नाही. नायिका बदलली, आणि नवी नायिका तिच्याच वयाची दिसत होती, मग थोरली वहिनी मोठी दिसणारी हवी झाली. हे तिला कोणी पत्र लिहून कळवलं नाही. निवड झाली नाही असं सांगण्याची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाहीच. मला ती असायला हवी असं वाटतं, निदान लुक टेस्टपर्यंत पोचलेल्यांसाठी. चार माणसांना एक ओळ पाठवायला किती वेळ लागतो? पण आज ती नाही, तेव्हा प्रोमोमध्ये दुसरा चेहरा दिसणं हाच बऱ्याचदा निकाल असतो.

या सगळ्या काळात दोन मोह आवरावे लागतात. पहिला, कोऑर्डिनेटर उत्तर देत नाही म्हणून दिग्दर्शकाला किंवा चॅनलमधल्या कोणाला इन्स्टाग्रामवर लिहिण्याचा. तो मेसेज बहुतेक वेळा पुन्हा कोऑर्डिनेटरकडेच येतो, आणि डोक्यावरून गेल्याची खूणही सोबत येते. दुसरा, त्याच भूमिकेसाठी दुसऱ्या कोऑर्डिनेटरचा फोन आला तर तिथेही गुपचूप जाण्याचा. मानधनातला ठरलेला हिस्सा हे कोऑर्डिनेटरचं उत्पन्न. एकच चेहरा दोन यादींतून गेला, की हिस्सा कोणाचा यावरून वाद होतो, आणि वादातलं नाव बाजूला ठेवणं निर्मितीसंस्थेला सोपं वाटतं. दुसऱ्याला लगेच सांगायचं : ‘या भूमिकेची माझी ऑडिशन 4 तारखेला झाली आहे, दुसऱ्यांमार्फत. पुढच्या कामाला जरूर बोलवा.’

आवाजाच्या कामात गोष्टी वेगळ्या चालतात. डबिंगची व्हॉइस टेस्ट झाली की दोन-तीन आवाजांचे नमुने ग्राहकाकडे जातात, आणि तिथे निवडणारा माणूस चेहरा बघत नाही, अनेकदा त्याला नावही माहीत नसतं. फाइलवर असतो तो क्रमांक किंवा पात्राचं नाव. परदेशी मालिका आणि चित्रपटांचं काम तर बऱ्याचदा सांकेतिक नावाने चालतं आणि गोपनीयतेच्या करारावर सही घेतलेली असते. त्यामुळे इथे विचारणा करताना जे सांकेतिक नाव मिळालं तेच लिहायचं. खरं नाव ओळखता आलं तरी मेसेजमध्ये लिहायचं नाही, आणि स्टुडिओबाहेरचा फोटो स्टेटसवर तर मुळीच ठेवायचा नाही. काम गेलेलं कळण्याआधीच ते जाण्याचा हा सोपा रस्ता आहे.

आवाजाच्या कलाकाराने आणखी एक कळवायचं असतं, ते म्हणजे घसा. टेस्टच्या दिवशी सर्दी होती, आवाज बसलेला होता, आणि आता तो मोकळा झाला, तर ही खरोखर नवी माहिती आहे. कारण निवड झाली तर महिन्याभराच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज टेस्टच्या नमुन्याशी जुळावा लागतो. ‘आवाज आता पूर्ववत आहे, हवा असल्यास तेच दोन संवाद पुन्हा पाठवतो’ असं लिहावं, आणि होकार आल्याशिवाय नवी फाइल पाठवू नये. एकाच माणसाचे दोन नमुने यादीत गेले, की कुठला खरा हे कोणालाच कळत नाही.

जाहिरातीच्या ऑडिशननंतरचा सगळ्यात महत्त्वाचा मेसेज तर विचारणेचा नसतोच. तुम्ही नुकतीच दुसऱ्या कंपनीच्या चहाची किंवा तेलाची जाहिरात केली असेल आणि ती अजून चालू असेल, तर ते आपणहून सांगावं लागतं. शूटिंगनंतर हे उघड झालं तर प्रश्न फक्त तुमच्या मानधनाचा उरत नाही. बातम्यांच्या निवेदनाची स्क्रीन टेस्ट मात्र नोकरीच्या मुलाखतीसारखीच असते. तिथे कोऑर्डिनेटर नसतो, मनुष्यबळ विभाग असतो, आणि चार ओळींचा ई-मेल पुरतो.

व्हिडिओ घरून पाठवला असेल तर पहिल्याच दिवशी एक गोष्ट तपासून घ्यावी. ड्राइव्हची लिंक पाठवताना परवानगी `Anyone with the link` अशी केलेली नसली, तर उघडणाऱ्यापुढे परवानगी मागणारा पडदा येतो. तो मागत नाही, पुढची फाइल उघडतो. आपलीच लिंक घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडून बघितली की कळतं. ती उघडत नसेल तर दुरुस्त करून ताबडतोब कळवण्यात संकोच नको, हा त्रास देणं नव्हे.

आणि एक धोक्याची खूण. विचारणेला उत्तर म्हणून पैसे मागितले गेले, मग नाव काहीही असो, नोंदणी, आर्टिस्ट कार्ड, ड्रेसची अनामत, कराराचा खर्च, तर ती निवड खरी नाही असं धरून चालावं. कोऑर्डिनेटरचा हिस्सा काम झाल्यावर मिळालेल्या मानधनातून जातो. मालिकांमध्ये तर ते मानधनही हाती यायला बऱ्याचदा 90 दिवस लागतात. काम मिळायच्या आधी कलाकाराच्या खिशातून पैसा जाण्याची जागाच या व्यवहारात नाही. अशा निरोपांत घाई असते : आज रात्रीपर्यंत भरा, नाहीतर दुसरीला देतोय. खऱ्या कामात घाई तारखांची असते. निर्मितीसंस्थेच्या कार्यालयात स्वतः फोन करून अशी भूमिका आहे का, हा माणूस तुमच्यासाठी काम करतो का, हे विचारलं की उलगडा होतो. कोऑर्डिनेटरच्या डोक्यावरून जाऊ नये हा नियम इथे लागू होत नाही.

सांगलीच्या त्या अभिनेत्रीने प्रोमो बघितल्यावर ‘मला का नाही घेतलं?’ असं विचारलं नाही. विचारलं असतं तरी कोऑर्डिनेटरला सांगता आलं नसतं, कारण नायिका का बदलली हे त्यालाही कोणी सांगितलेलं नव्हतं. दोन महिन्यांनी लघुपटासाठी तिने केस खांद्यापर्यंत कापले. मग मोबाइल आडवा धरून, खिडकीच्या उजेडात, पाठीमागे कोरी भिंत ठेवून तिने मिनिटभराचा नवा इंट्रो केला : नाव, वय, उंची, सांगली, मुंबईत राहण्याची सोय आहे, दोन्ही बाजू, हात. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की त्याचा दर्जा उतरतो, म्हणून तिने तो डॉक्युमेंट म्हणून जोडला आणि त्याच जुन्या संवादात पाठवला. सोबत एक ओळ : ‘केस बदलले आहेत, जुना इंट्रो काढून हा ठेवाल का?’ कोऑर्डिनेटरने अंगठ्याचं चिन्ह पाठवलं आणि जुनी फाइल काढून टाकली.